मोगरा, कात्री आणि वरच्या मजल्याची स्लॅब

न फुलणाऱ्या मोगऱ्याची तब्येत ठणठणीत असते, आणि हेच त्यातलं सगळ्यात चीड आणणारं. पानं गर्द हिरवी, फांद्या ग्रिलमधून बाहेर पडून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलची चौकशी करणाऱ्या, कीड नाही, रोग नाही. नाही ती फक्त कळी. झाड सुकलं असतं तर चार लोकांत हळहळ तरी व्यक्त करता आली असती. इथे येणारा पाहुणा पानांवरून हात फिरवतो, "छान आहे हो, फुलं येतात का?" असं विचारतो, आणि "नाही" म्हणायचा अवकाश, उपाय त्याच्या जिभेवर तयार असतो. आंबट ताक, तांदळाचं धुणं, चहाचा चोथा, केळीची साल. घरातलं जे जे कचऱ्यात जायचं ते सगळं कुंडीत जातं आणि गॅलरीत मोगऱ्याऐवजी चिलटांना बहर येतो.

या सगळ्या उपायांची सुरुवात खतापासूनच का होते, याचं कारण मला अगदी स्पष्ट दिसतं. खत घालायला चमचा पुरतो. कात्री चालवायला मात्र छाती लागते, आणि ऊन तर विकतच मिळत नाही. मोगऱ्याला विचारलं तर तो क्रम बरोबर उलटा सांगेल: आधी ऊन, मग कात्री, आणि शेवटी पोटॅश.

तेव्हा आधी ऊन. मोगऱ्याला फुलण्यासाठी दिवसाला सहा तास थेट ऊन हवं. चार-पाच मिळालं तर कुरकुरत का होईना, फुलतो. थेट म्हणजे पानावर हात आडवा धरला तर खाली कडक कडेची सावली पडली पाहिजे. "आमच्याकडे भरपूर उजेड असतो" हे वाक्य फ्लॅटच्या जाहिरातीत शोभतं. मोगरा त्या उजेडावर पानं काढतो आणि थांबतो.

यातली खरी गोम दक्षिणेच्या गॅलरीत आहे. डिसेंबरात तिथे ऊन थेट दिवाणखान्यापर्यंत येतं, आजी त्यात खुर्ची टाकून बसतात, आणि सगळ्यांची खात्री पटते की मोगऱ्यासाठी याहून चांगली जागा नाही. पण डिसेंबरात मोगऱ्याला फुलायचंच नसतं. त्याचा हंगाम मार्च ते जून, आणि तोवर सूर्य डोक्यावर चढलेला असतो. पुण्याचा हिशेब करून बघा. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. वरच्या मजल्याची स्लॅब तुमच्या फरशीपासून दहा फुटांवर धरली, तर त्या स्लॅबच्या कडेखालून ऊन जवळजवळ नऊ फूट आत येतं. २१ मार्चला सूर्य ७१ अंशांच्या वर गेलेला असतो आणि ऊन जेमतेम सव्वातीन फूट आत येतं. एप्रिलच्या वीस तारखेला उरतो फूट-सव्वाफुटाचा पट्टा, तोही कठड्याच्या सावलीने कुरतडलेला. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन जवळपास शून्य. म्हणजे ज्या महिन्यांत कळी धरायची, नेमक्या त्याच महिन्यांत वरच्या मजल्यावरचे लोक, त्यांच्याही नकळत, आपल्या मोगऱ्यावर छत्री धरून उभे असतात. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. स्लॅब सोसायटीची आहे.

यावर करण्यासारखं एकच आहे. फेब्रुवारी संपता संपता कुंडी कठड्याच्या बाहेरच्या ग्रिलवर किंवा गच्चीवर हलवायची. कुंडी आतल्या बाजूला स्टुलावर ठेवणं हा अर्धा उपाय झाला: कठड्याची सावली चुकते, स्लॅबची चुकत नाही. ग्रिलवर ठेवताना कुंडी तारेने घट्ट बांधा, खाली लोक चालतात. पूर्वेची गॅलरी असेल तर तुम्ही नशीबवान. सकाळी साडेसहा-सातपासून अकरापर्यंतचं ऊन वर्षभर मिळतं आणि मोगरा तेवढ्यावर भागवून घेतो. पश्चिमेचं ऊन कडक, पण चालतं. फक्त एप्रिल-मेमध्ये पाण्याचा एक दिवसही चुकवायचा नाही.

आता कात्री. मोगऱ्याची कळी येते ती नव्या धुमाऱ्याच्या शेंड्याला. जुन्या काडीवर, ती कितीही लांब आणि देखणी असली तरी, थेट कळी येत नाही. त्यामुळे ज्या घरात "किती छान वाढलंय, कापवत नाही हो" असं म्हटलं जातं, तिथे झाड वेलासारखं लांबत जातं, आणि दहा फुटी फांदीच्या टोकाला चुकून आलेलं एकुलतं फूल शेजारच्या खिडकीत उमलतं. वास त्यांना, पाणी आपलं.

पण कात्री कधी चालवायची, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. तमिळनाडूतले मोगऱ्याचे शेतकरी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटणी करतात. आपल्याकडच्या गॅलरीसाठी डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फार तर मकरसंक्रांत. घाईने ऑक्टोबरात छाटलं तर कोवळी पालवी थंडीत अडखळते. मार्चमध्ये जाग येऊन छाटलं तर कळ्यांच्या तयारीतले शेंडेच कचऱ्यात जातात, पुढचा बहर मे-जूनवर ढकलला जातो आणि पहिल्या वळवाने तोही झोडपला जातो. पावसाळ्यात सरसकट छाटणं तर पानांना आवतण देणं आहे.

उदाहरणादाखल बारा इंची कुंडीतला, तीन वर्षांचा, पुरुषभर उंच झालेला, पण फूल न देणारा मोगरा घेऊ. डिसेंबरच्या मध्यावर त्याचं पाणी तोडायचं. संत्रा-मोसंबीवाले बहार धरताना देतात तोच हा ताण. कुंडीत आठ-दहा दिवस पुरतात. दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा टवटवीत होत असतील तर ताण बरोबर बसलाय. संध्याकाळीही मान वर होत नसेल तर कपभर पाणी द्या. आपल्याला ताण द्यायचाय, सूड घ्यायचा नाही.

ताण बसला की धारदार कात्रीने सगळ्या फांद्या मातीपासून एक-सव्वा फुटावर कापायच्या. काप डोळ्याच्या किंचित वर, थोडा तिरका. डोळा म्हणजे पानाच्या देठाच्या बगलेतला तो बारीक टोचा. नवा धुमारा तिथूनच फुटतो. पेन्सिलीपेक्षा बारीक, वाळकी आणि एकमेकांत घुसलेली काडी मुळापासून काढा आणि पाच-सहा सशक्त फांद्या ठेवा. उरलेली पानं हाताने ओरबाडा. या टप्प्यावर कुंडीत फक्त काटक्या दिसतात आणि घरातलं ज्येष्ठ मंडळ "मारलंस ना झाड!" असा निकाल देऊन मोकळं होतं. निकालाला स्थगिती मिळवायला तीन आठवडे लागतात.

मग वरची दोन इंच माती खरवडून टाका आणि तिच्या जागी दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. एकदा भरपूर पाणी, पण त्यानंतर हात आखडता. बहुतेक झाडं इथेच जातात: पानं नसलेल्या झाडावर दया येऊन लोक रोज पाणी ओततात. पानंच नाहीत तर ते पाणी पिणार कोण? मुळं कुजतात आणि ज्येष्ठ मंडळ खरं ठरतं. बोटभर खोल माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नको.

संक्रांतीच्या आसपास पालवी दिसू लागते. धुमारे वीतभर झाले की प्रत्येकाचा शेंडा नखाने खुडा, म्हणजे एकाचे दोन-तीन होतात आणि कळ्यांच्या जागा वाढतात. जानेवारीनंतर मात्र खुडणं बंद, नाहीतर आपणच आपल्या कळ्या खुडत बसाल.

आता कुठे पोटॅशची पाळी. पोटॅश फूल तयार करत नाही. पानांनी उन्हात केलेली साखर कळीपर्यंत पोचवायला ते मदत करतं. ऊनच नसेल तर पोचवायचं काय? नत्राचं काम निराळं, ते फांदी आणि पान ढकलतं. म्हणून हात सैल सोडून युरिया घालणाऱ्यांच्या मोगऱ्याला पालकाची कांती येते आणि फुलांचा पत्ता नसतो. दोन पेरांमधलं अंतर लांब आणि पानं मोठी, मऊ असतील तर सावली आणि नत्र दोन्ही जास्त आहे असं समजा.

कृषी सेवा केंद्रात जाऊन 'झिरो झिरो पन्नास' मागा. शंभर भागांत पन्नास भाग पोटॅश असलेलं हे सल्फेट ऑफ पोटॅश. लाल म्युरेट स्वस्त पडतं, पण त्यातला क्लोराईड कुंडीत साचतो; शेतात ठीक, कुंडीत नको. फेब्रुवारीपासून लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर खत अडीच लिटर पाण्यात, आणि त्यातलं लिटरभर या कुंडीला दर पंधरा दिवसांनी. आधी साधं पाणी, मग खताचं. कोरड्या मातीत खत घातलं की पानांच्या कडा जळतात.

केळीच्या सालीवर माझा राग नाही. तिच्यात पोटॅश आहेच, पण ढोबळ हिशेबाने असा एक चमचा भरायला पाच-सहा साली लागतील. केळी खाण्याचा सराव असेल तर जरूर करा. साली कंपोस्टमध्ये टाका, कुंडीच्या तोंडावर नको. चुलीच्या राखेतही पोटॅश असतं, पण ती अल्कधर्मी. दर आठवड्याला मूठमूठ राख घातली की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते लोहाच्या उपासाचं लक्षण, आणि त्यावर आणखी राख हा उपाय नव्हे. उलट पोटॅशच फार झालं तर मॅग्नेशियम अडतं आणि तोच पिवळेपणा जुन्या पानांवर दिसतो. खत दोन महिने थांबवा.

मार्चमध्ये कळ्या आल्या, एप्रिलमध्ये वेण्या झाल्या, की पुन्हा कात्री. नुसतं फूल खुडून भागत नाही. फुललेला घोस त्याच्याखालच्या दोन पानांच्या जोड्यांसह कापा. तिथून नवा धुमारा फुटतो आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा कळ्या. जुलैचा पाऊस लागला की पोटॅशही बंद, कारण घातलेलं सगळं कुंडीच्या भोकातून खालच्यांच्या गॅलरीत जाणार.

राहता राहिली उत्तरेची गॅलरी. तिथे मे ते जुलैमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन शिरतं, बाकी वर्षभर जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी मी मोगऱ्यावर खताचा एक रुपयाही घालणार नाही. कुंडी सरळ पूर्वेच्या गॅलरीवाल्या शेजाऱ्यांना द्यावी, आणि फुलांतला निम्मा वाटा देतानाच ठरवून घ्यावा.