प्रमाण साहेबांच्या डोक्यामागे

वेबिनार घ्यायचं ठरवलंत? उत्तम. आधी लोकांना सांगायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्लाइडच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवा. तिथे तुमचा व्हिडिओ येणार, म्हणजे ती कुणाच्या नजरेला पडायची नाही.

परवा देवगडात बसून आंब्याच्या फवारणीवरचा असाच एक वेबिनार पाहिला. तक्त्यात फवारणी कधी, कीड कुठली, औषध कुठलं आणि शेवटच्या रकान्यात दहा लिटर पाण्याला प्रमाण. पहिल्या दोन फवारण्यांचं प्रमाण नेमकं साहेबांच्या चेहऱ्याखाली. तुडतुडे दिसले, औषध दिसलं, आकडा नाही. कुणीतरी चॅटमध्ये विचारलं. "स्लाइडवर दिलंय सगळं," साहेब म्हणाले. त्यांच्या पडद्यावर होतंच ते! शेजारचे बागायतदार माझ्या मोबाइलात डोकावून म्हणाले, "प्रमाण खंय असा? त्येंका सांगा, वायच बाजूक सरा."

अक्षर चौदा पॉइंटचं ठेवा. PowerPoint ची स्लाइड 13.33 इंच रुंद, उभा धरलेला मोबाइल जेमतेम पावणेतीन इंच. म्हणजे सगळं पाचपट लहान होतं आणि तुमचे चौदा तिनाच्याही खाली येतात. अनुस्वार आणि रफार तर आधीच गायब. आडवा धरला तरी पाचच.

निळ्यावर लाल अक्षरं जरूर वापरा. व्हिडिओ दाबून पाठवताना रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे छान लगदा होतो.

लोगो मात्र खाली डावीकडे. तो दिसलाच पाहिजे.

बास झालं. आता सरळ सांगतो. PowerPoint च्या View मध्ये Slide Master उघडा. वरच्या उजव्या कोपऱ्यात रुंदीचा पाव आणि उंचीचा पाव भाग मोकळा सोडा. शीर्षकाची चौकट उजवीकडून आत ओढा, मजकुराची चौकट त्या पाव उंचीच्या खाली सुरू करा. मग डावीकडच्या यादीतला एकेक लेआउट तपासा. ज्याची चौकट आधी कुणी हलवलेली असेल तो मास्टरचं ऐकत नाही. अक्षर किमान अठ्ठावीस, म्हणजे आडव्या मोबाइलवर दहाच्या आसपास पडेल. चार रकाने मावत नाहीत ना? मग एका स्लाइडवर एकच फवारणी घ्या! स्लाइडला काय पैसे पडतात? आणि आदल्या दिवशी मोबाइलवरून स्वतःच्याच मीटिंगमध्ये शिरून बघा. तुमच्या पडद्यावर तुमचा चेहरा कुठे आहे याला काडीची किंमत नाही.

बागायतदार पंप घेऊन उभा आहे, आणि तुम्ही त्याला "रेकॉर्डिंग पाठवतो" म्हणून सांगता! थेट बघताना निदान ती खिडकी बोटाने सरकवता तरी येते. रेकॉर्डिंगमध्ये तुमचं डोकं कायमचं चिकटलेलं असतं. ते पाठवून काय करू आम्ही?