चित्र तेच आहे ना, मग पैसे कसले?

"चित्र तो ए ज छे ने, एमां वधारे मेहनत शुं थई?" हे वाक्य मी वडोदऱ्यात इतक्या वेळा ऐकले आहे की आता समोरच्याने तोंड उघडले तरी मला पुढचे ऐकू येते. मराठी गिऱ्हाईक तेच मराठीत विचारते, आणि दांडिया बाजारातले आमचे नातलग तर त्यापुढे "तुला काय, तासाभराचे काम" हेही जोडतात. पण यंदाच्या दिवाळीत जे झाले, त्यानंतर माझा संयम सुटला आहे.

नवरात्राच्या आधी मांडवीजवळच्या एका मिठाईवाल्याने माझ्याकडून एक चित्र करून घेतले. मागे मांडवीची इमारत, पुढे गरब्याचे रिंगण, एका कोपऱ्यात मिठाईचे ताट. वापर ठरला होता तो इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टपुरता, तीन महिन्यांसाठी. मला तीन दिवस लागले आणि मी सहा हजार रुपये घेतले. पोस्टसाठी लागते तेवढी, म्हणजे 1080 × 1350 पिक्सेलची फाइल दिली आणि विषय संपला, असे मला वाटले.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी एका छापखान्यातून फोन आला. "ताई, मोठी फाइल पाठवा ना, झाकणावर चित्र फाटतंय." कसले झाकण? तर मिठाईच्या डब्याचे, पंधरा हजार डब्यांचे. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात, त्या हिशेबाने माझी फाइल जेमतेम साडेतीन इंच रुंद छापली जाते. त्या माणसाने ती नऊ इंचांच्या झाकणावर ताणली होती. त्या छापखानेवाल्याने भाबडेपणाने फोन केला नसता, तर मला हे दुकानातल्या गर्दीत समजले असते. ज्या गिऱ्हाईकाने पोस्टचे पैसे दिले आहेत, त्याचा माणूस अचानक छपाईला लागणारी 300 डीपीआय, सीएमवायके किंवा कोरलची फाइल मागू लागला, की चित्र पोस्टमधून बाहेर पडले आहे हे ओळखावे. पोस्टला यातले काहीही लागत नाही.

मी मिठाईवाल्या शेठना फोन केला. त्यांनी शांतपणे वर आणखी सांगितले की अकोट्याला वीस फुटी होर्डिंगही लावायचे आहे, तेव्हा फाइल "जरा मोठीच" पाठवावी. मी दर सांगितला. डब्यांसाठी, फक्त गुजरातपुरता, एक वर्षाचा वापर : चौदा हजार. एका शहरात एक महिना होर्डिंग : सहा हजार. त्यावर वर उद्धृत केलेले वाक्य आले, आणि पाठोपाठ "तुम्हाला परत काढायचे थोडेच आहे?" असा प्रश्न आला.

नाही, परत काढायचे नाही. पण माझे तीन दिवस हा या किमतीतला सर्वांत लहान भाग आहे, आणि तो सहा हजारांत फिटला. पुढचे पैसे माझ्या हाताचे नाहीत, ते चित्र जे काम करणार आहे त्याचे आहेत. पोस्ट दोन दिवसांत खाली सरकते. डबा पंधरा हजार घरांत जातो, नातलगांना भेट म्हणून पुढे जातो आणि रिकामा झाल्यावरही सुईदोरा ठेवायला वर्षभर टिकतो. चौदा हजारांना पंधरा हजारांनी भागले, तर डब्यामागे एक रुपयाही पडत नाही. याच डब्याच्या सोनेरी फॉइलला शेठ छापखान्याला डब्यामागे चार रुपये बिनतक्रार देतात, आणि फॉइल चढवायला मशीनला किती सेकंद लागले हे त्यांनी कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.

आकाराचेही तेच. आकार म्हणजे मी कागद केवढा घेतला हे नव्हे, तर छापलेल्या वस्तूवर चित्राने किती जागा अडवली हे. झाकणाच्या कोपऱ्यातली ठिपक्याएवढी मांडवी आणि झाकणभर पसरलेली मांडवी यांचा दर एक नसतो, कारण दुसऱ्या वेळी डबा विकला जातो तो चित्रावर. मासिकेसुद्धा पाव पान, अर्धे पान, पूर्ण पान आणि मुखपृष्ठ असे वेगवेगळे दर ठेवतात. त्यात चित्रकाराची मेहनत कुणी तराजूत घालत नाही.

संताप अनावर झाला तो यानंतर. मांडवीचेच, पण वेगळ्या मांडणीचे एक चित्र मी एका कापड दुकानाच्या कॅलेंडरसाठी केले होते. शेठना ते कुठेतरी दिसले आणि त्यांनी मला फोनवर झापले, "आमची मांडवी तुम्ही दुसऱ्याला कशी दिली?" म्हणजे वापराचे पैसे द्यायचे नाहीत, पण मक्ता मात्र हवा. मक्ता म्हणजे माझ्यासाठी बंद झालेले दरवाजे. खाद्यपदार्थांच्या धंद्यात एक वर्ष मी असे चित्र कुणालाही देणार नाही, असे लिहून द्यायला मी तयार होते, आणि त्याचे डबे आणि होर्डिंग मिळून झालेल्या वीस हजारांच्या निम्मे, म्हणजे आणखी दहा हजार मागितले. सगळे मिळून तीस हजार, डब्यामागे दोन रुपये. आणि हेच शेठ आणंदच्या एका दुकानदाराला आपले नाव वापरू देतात व त्याचे दरवर्षी पैसे घेतात! पाटी रंगवायला किती तास लागले, यावर तो आकडा ठरत नसावा.

माझी चूक मी लपवत नाही. पहिल्या कामाच्या वेळी सगळे तोंडी ठरले होते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, करवून घेणारा ठरतो, आणि शेठच्या वकिलाला हे कलम माझ्यापुढे नाचवायला एक मिनिटही लागले नसते. हक्क लिहून दिला, पण मुदत लिहिली नाही, तर कलम 19 पाच वर्षे धरते. प्रदेश लिहिला नाही, तर सारा भारत धरते. म्हणजे आळसाने मोकळी सोडलेली प्रत्येक जागा कायदा स्वतः भरतो, आणि पोस्टच्या पैशांत पाच वर्षांचा देशभर वापर जातो. आता माझ्या बिलावर वापर, आकार, मुदत, प्रदेश आणि मक्ता आहे की नाही, हे पाचही रकाने असतात आणि खाली दोघांच्या सह्या असतात.

शेवटी शेठनी आठ हजार दिले, होर्डिंग सोडून दिले, आणि घरी एक किलो काजूकतली पाठवली. डब्यावर माझे चित्र होते, कडा फाटलेल्या, आणि खालची माझी सही छाटलेली.

काल त्यांचा पुन्हा निरोप आला. उत्तरायणासाठी त्याच चित्रात पतंग घालून हवे आहेत, "चित्र तो तैयार ज छे." मी फक्त एवढेच विचारले, की ते कुठे कुठे वापरणार? उत्तर आले, "बधे ज." सगळीकडेच. आता मी "बधे ज"चा दर काढायला बसले आहे.