‘ईएमए आधीच सांगते’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

«एसएमए विसरा, ती आजोबांच्या काळातली. ९ ची ईएमए लावा. १) ईएमएला लॅग शून्य, भाव वळायच्या आधी ती वळते. २) ती फक्त शेवटचे ९ दिवस बघते, जुना कचरा नाही. ३) दोन ॲपवर ईएमएचा आकडा वेगळा दिसला तर समजा ब्रोकर डेटा फिरवतोय. ४) ९ ने २१ ला खालून कापलं की कॉल घ्या, ९०% ॲक्युरसी. जास्तीत जास्त मराठी माणसांपर्यंत पोचवा.»

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी किती वाजता येणार आणि लिफ्ट कधी दुरुस्त होणार यांच्या मधोमध एसएमए आणि ईएमए या शेअरच्या भावांच्या सरासरीच्या दोन रेषांबद्दलचा हा मेसेज येऊन पडतो, तोवर मी गप्प होतो. पण परवा मुलुंडच्या काकांचा फोन आला. “अरे, हे खरं का? सोमवारपासून थोडे पैसे घालून बघतो म्हणतो.” काका रिटायर्ड आहेत आणि ‘थोडे पैसे’ म्हणजे किती हे मला माहीत आहे. म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्यात जास्त पहिल्या मुद्द्यावर, कारण बाकीचा मूर्खपणा त्याच्याच पोटातून निघतो.

आधी जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. नवीन भाव आला की ईएमए एसएमएपेक्षा लवकर हलते, यात वाद नाही. पण ती का हलते ते त्या मेसेजवाल्याला ठाऊक असतं, तर पुढचं काही त्याने लिहिलंच नसतं.

एक्सेल उघडा. बी कॉलममध्ये रोजचा बंद भाव भरा, सी कॉलम ईएमएसाठी ठेवून त्याच्या पहिल्या ओळीत पहिला बंद भावच लिहा, एसएमए डी कॉलममध्ये काढा, आणि दोन रेषांची दोन सूत्रं बघा, वरची एसएमए, खालची ईएमए:

```
=AVERAGE(B3:B11)
=B11*0.2+C10*0.8
```

एसएमए म्हणजे शेवटच्या नऊ दिवसांची बेरीज भागिले नऊ. आजच्या भावाला जेवढा मान, तेवढाच आठ दिवसांपूर्वीच्या भावाला, म्हणजे प्रत्येकाला साधारण ११ टक्के. ईएमएमध्ये आजच्या भावाचे २० टक्के घ्यायचे आणि कालच्या ईएमएचे ८० टक्के. हा ०.२ आला कुठून? २ भागिले (९ + १). दिवस २१ असते तर २ भागिले २२. एवढंच आहे ते रहस्य.

आता समजा एक शेअर बरेच दिवस ५०० वर पडून होता. रिझल्ट आला आणि तो ५४५ ला बंद झाला. त्या संध्याकाळी एसएमए ४५ चा नववा भाग वर सरकते, ५०५ होते. ईएमए ४५ चा पाचवा भाग सरकते, ५०९ होते. नवीन भावाचा वाटा मोठा, म्हणून पहिली उडी मोठी. भाव तिथेच ५४५ वर टिकला तर सहा दिवस ईएमए पुढे राहते. सातव्या दिवशी दोघी जवळजवळ बरोबरीत येतात. आठव्या दिवशी एसएमए ५४० वर असते आणि तुमची चपळ ईएमए ५३७.४५ वर. नवव्या दिवशी एसएमए ५४५ ला पोचून मोकळी होते, ईएमए अजून ५३९ लाच पोचलेली नसते. लॅग शून्य असलेली रेषा नवव्या दिवशी मागे कशी पडते, हे त्या मेसेजवाल्याने एकदा ग्रुपवर समजावून सांगावं.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. शेअर रोज ५ रुपयांनी चढतोय आणि आज ६०० ला बंद झाला. गेल्या नऊ दिवसांचे भाव ५६०, ५६५ असे करत ६००. सरासरी ५८०. ही झाली एसएमए. ही चाल बरेच दिवस चालली असेल तर ईएमए किती? तीही ५८०. दोघी भावाच्या २० रुपये, म्हणजे बरोबर चार दिवस मागे. हा योगायोग नाही. २ भागिले (दिवस + १) हे सूत्र धरलं की दोन्ही सरासऱ्यांमधल्या भावांचं सरासरी वय सारखंच येतं. नऊसाठी चार दिवस, एकवीससाठी दहा दिवस. एकसारख्या चालणाऱ्या ट्रेंडमध्ये ईएमए एसएमएपेक्षा एक दिवससुद्धा पुढे नसते.

मग ती चपळ कुठे दिसते? वळणावर. दुसऱ्या दिवशी शेअर आपटला आणि ५७५ ला बंद झाला. ईएमए: ५७५ चे २० टक्के म्हणजे ११५, ५८० चे ८० टक्के म्हणजे ४६४, एकूण ५७९. वळली. एसएमएमध्ये मात्र ५७५ आत येताना नऊ दिवसांपूर्वीचा ५६० बाहेर पडतो. आत आलेला आकडा बाहेर गेलेल्यापेक्षा मोठाच आहे, म्हणून भाव एका दिवसात २५ रुपये पडलेला असताना एसएमए आणखी वर जाते, ५८१.६७. एसएमए वळते ती आजचा भाव नऊ दिवसांपूर्वीच्या भावाखाली गेला की. ईएमए वळते ती आजचा भाव तिच्या स्वतःच्या कालच्या आकड्याखाली गेला की. पहिली अट पुरी व्हायला इथे शेअरला ४० रुपयांहून जास्त पडावं लागलं असतं, दुसरीला २० हून जास्त पुरले. जलद असण्याचं खरं कारण हे आहे. एसएमए निम्मं लक्ष दारातून बाहेर जाणाऱ्या जुन्या भावाकडे देते, ईएमएच्या दारातून कोणी एकदम बाहेर जातच नाही.

पण नीट बघा, ईएमए वळली ती भाव पडल्यानंतर, बंद भाव हातात आल्यावर. सूत्रात उद्याचा भाव घालायला जागाच नाही. तरी चार्टवर ती ‘आधीच वळल्यासारखी’ का दिसते? कारण तुम्ही जुना चार्ट बघत असता. ज्या कँडलवर, म्हणजे चार्टवरच्या एका दिवसाच्या भावाच्या पट्टीवर, रेषा वळलेली दिसते, त्या कँडलचा बंद भाव त्या दिवशी दुपारी कोणालाच माहीत नव्हता. बाजार चालू असताना ॲप चालू भावालाच बंद भाव धरून रेषा काढतं. अकरा वाजता एका रेषेने दुसरीला कापल्याचा कट दिसतो, दोन वाजता भाव सावरला की तो कट गायब होतो आणि संध्याकाळी चार्टवर त्याचा मागमूस राहत नाही. खोटे कट असे पुसले जातात, खरे उरतात, आणि मग वाटतं की बाईंना सगळं आधीच कळलं होतं. काका, चालू कँडलवर विश्वास ठेवू नका. बंद झालेल्या कँडलचीच ईएमए ती ईएमए.

दुसरा मुद्दा तर उलटा लिहिलाय. नऊ दिवसांनंतर भाव टाकून देते ती एसएमए. ईएमए काहीच टाकत नाही. टपरीवाला पातेल्यातला पाचवा हिस्सा चहा विकतो आणि तेवढाच नवा ओतून ढवळतो, तसं हे आहे. सकाळचा चहा कमी कमी होत जातो, पण पूर्ण संपत नाही. आजचा भाव २० टक्के, कालचा १६, परवाचा १२.८ असं वजन उतरत जातं. शेवटच्या नऊ दिवसांचं मिळून साधारण ८७ टक्के होतं, उरलेले १३ टक्के त्याआधीच्या ‘जुन्या कचऱ्याचे’. म्हणून तर वरच्या उदाहरणात नवव्या दिवशी ती ५४५ ला पोचली नव्हती, तो ५०० अजून तिच्या पोटात होता.

तिसरा मुद्दा वाचून मी कपाळावर हात मारला. आजची ईएमए काढायला कालची लागते, कालचीला परवाची. मग पहिल्या दिवशी काय धरायचं? कोणी पहिला बंद भावच पहिली ईएमए धरतं, कोणी पहिल्या नऊ दिवसांची एसएमए. कोणी दहा वर्षांचा डेटा मागवतं, कोणी सहा महिन्यांचा. सुरुवात वेगळी म्हणून आकडा वेगळा. नऊच्या ईएमएत हा फरक तीस सत्रांत हजाराव्या भागावर येतो. २०० च्या ईएमएत मात्र पहिल्या आकड्याचे सुमारे १३ टक्के २०० सत्रांनंतरही शिल्लक असतात, त्यामुळे नव्याने लिस्ट झालेल्या शेअरवर दोन ॲप बराच काळ वेगळं बोलतात. बोनस किंवा स्प्लिटनंतर एकाने जुने भाव सुधारले आणि दुसऱ्याने नाही, तर फरक आणखी वाढतो.

तपासायचं कसं? कोणावर आरोप करण्याआधी ॲपवरचा कालचा ईएमएचा आकडा घ्या, त्याचे ८० टक्के करा, आजच्या बंद भावाचे २० टक्के मिळवा. ॲपवरचा आजचा आकडा जुळला तर हिशोब बरोबर आहे, फक्त सुरुवात वेगळी होती. जुळला नाही तर नवव्या भागाने करून बघा, म्हणजे आजच्या भावाचा एक वाटा आणि कालच्या आकड्याचे आठ. तसा जुळला तर तुम्ही चुकून वाइल्डरची सरासरी लावली आहे, आरएसआय नावाच्या दुसऱ्या निर्देशकात वापरतात ती. ती सुस्त असते, नऊची वाइल्डर म्हणजे सतराची ईएमए. एवढं गणित कॅल्क्युलेटरवर होतं.

चौथा मुद्दा. ही ९०% कुठल्या शेअरवर, कुठल्या वर्षांत, किती सौद्यांवर मोजली, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. मोजणी झालेली एक गोष्ट सांगतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. या मंडळींच्या स्क्रीनवर ईएमए नव्हती असं म्हणायचंय का? ती प्रत्येक ॲपमध्ये फुकट आहे.

कट बिघडतो तो आडव्या बाजारात. भाव दोन पातळ्यांमध्ये वरखाली होत असला की ९ ची आणि २१ ची रेषा एकमेकींना गुंडाळून चालतात, दर काही दिवसांनी कट. पहिल्या उडीला जो मोठा वाटा चपळाई देतो, तोच वाटा इथे प्रत्येक फसव्या उडीला पण मिळतो. आणि मेसेजमधला कॉल, म्हणजे ऑप्शन, विकत घेतलेला असला तर रेषा सरळ होण्याची वाट बघताना त्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, रोज झिजतो, हे वेगळंच.

काका, सोमवारी पैसे घालण्याऐवजी एक करा. निफ्टीचे दोन वर्षांचे बंद भाव एनएसईच्या साइटवर फुकट मिळतात. ते बी कॉलममध्ये भरा, ९ आणि २१ च्या ईएमए काढा, प्रत्येक कट मोजा आणि त्यानंतर दहा सत्रांत भाव कुठे गेला ते पुढच्या कॉलममध्ये लिहा. सौदा कटच्या दुसऱ्या दिवशीच्या भावाने धरायचा, त्याच दिवशीच्या नाही, कारण कट कळतो तेव्हा बाजार बंद झालेला असतो. सूत्र अडलं तर रविवारी येतो, लॅपटॉप चार्ज करून ठेवा.