रजिस्ट्रेशन फी आधी भरा, मावशी येतीलच

समजा आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, शनिवारी दुपारी हॉस्पिटलवाले म्हणतात उद्या सकाळी डिस्चार्ज, आणि तुमच्या लक्षात येतं की सोमवारी तुम्हा दोघांनाही ऑफिस आहे आणि आई वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायलाही अजून पंधरा दिवस आहेत. अशा वेळी अजिबात डोकं चालवू नका. वॉर्डातल्या मावशींना विचारू नका, त्यांच्या ओळखीत नेहमी कुणीतरी असतं. फिजिओथेरपिस्टला विचारू नका, तो रोज दहा घरांत जातो, त्याला माहीत असतं कुठली बाई खरंच येते आणि कुठली फक्त मोबाईल बघते. सोसायटीच्या वॉचमनला तर नकोच. या सगळ्यात एक मोठा दोष आहे, आधी पैसे कुणी मागत नाही, त्यामुळे विश्वास बसत नाही.

सरळ मोबाईल काढा, 'केअरटेकर निअर मी' टाका आणि जी पहिली साईट दिसेल तिच्यावर नंबर देऊन टाका. तुम्ही एकाच ठिकाणी नंबर दिला तरी पुढच्या अर्ध्या तासात सातआठ एजन्सींचे फोन येतील, घाबरायचं नाही, ही आपुलकी आहे. यातल्या एकदोघी म्हणतील की चोवीस तासांची बाई पुण्यात चोवीस हजारांच्या खाली मिळणार नाही आणि पैसे बाई घरी आल्यावर द्या. या लोकांना टाळा. तुम्हाला हव्यात त्या मॅडम, ज्या म्हणतात चौदा हजारात होऊन जाईल, जेवूनखाऊन, आणि फक्त साडेतीन हजार रजिस्ट्रेशन.

मॅडमचं बोलणं ऐकून घ्या, शिकण्यासारखं असतं. पेशंट लेडीज का जेन्ट्स, वजन किती, डायपर का कमोड खुर्ची, नळी आहे का, शुगर आहे का, घरात कुत्रा आहे का, मावशींना वेगळी खोली देणार का हॉलमध्ये झोपणार. इतकं तर डिस्चार्ज देताना डॉक्टरनेही विचारलेलं नसतं, त्यामुळे तुम्हाला वाटतं बाई प्रोफेशनल आहे. मग मॅडम आवाज जरा खाली आणतात आणि म्हणतात, "सर, तुमच्याच एरियातली एक मावशी आज फ्री झालीय, पण सकाळपासून अजून एका क्लायंटचा फोन येतोय, तुम्ही रजिस्ट्रेशन केलंत की मी त्यांना लगेच ब्लॉक करते." ब्लॉक या शब्दाकडे नीट लक्ष द्या, नंतर तो तुमच्या नंबरच्या बाबतीत खरा होणार आहे.

तुमच्यातला कुणी शंकेखोर मेव्हणा विचारेल, एजन्सी रजिस्टर्ड आहे का. मॅडम लगेच दोन पीडीएफ पाठवतील, एक गुमास्ता आणि एक उद्यम, दोन्हींवर सरकारी बोधचिन्ह. बघून समाधान माना. उद्यम नोंदणी ऑनलाईन, फुकट आणि स्वतःच स्वतःबद्दल लिहून देऊन होते आणि 2017 च्या नव्या दुकाने-आस्थापना कायद्यात माणसं थोडी असतील तर मालकाने फक्त ऑनलाईन कळवायचं असतं, असल्या क्षुल्लक गोष्टी मेव्हण्याला सांगू नका. ही एजन्सी माणसं पुरवते की नाही हे त्या कागदांनी कुणी तपासलेलं नसतं, दुकान आहे एवढंच ते सांगतात. पण पीडीएफ रंगीत असते.

तसंच 'पोलीस व्हेरिफाईड' हे शब्द आले की पुढे काही मागू नका. पोलीस पडताळणीचा वेगळा कागद असतो आणि त्यांनी पाठवलेला आधार कार्डाचा फोटो म्हणजे तो कागद नव्हे, हे तुम्हाला माहीत असलं तरी बोलून दाखवू नका, मॅडमना वाईट वाटेल. नर्स मागितली असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारणं हाही उद्धटपणाच, सर्टिफिकेट ऑफिसला असतात आणि ऑफिस रविवारी बंद असतं.

आता पैसे भरा. यूपीआयवर नाव एजन्सीचं न येता कुठल्या तरी गृहस्थांचं आलं तर ते अकाउंटंट आहेत असं समजा. पैसे गेले की पावती येईल आणि इथे माझी हात जोडून विनंती आहे, पावती वाचू नका. कारण वाचलीत तर सगळी गंमत जाईल. त्यात कुठेही 'मावशी पाठवू' असं लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं की ही फी 'प्रोफाईल शेअरिंग'ची आहे, तीस दिवसांत तीन प्रोफाईल दाखवले जातील, पगाराचं क्लायंट आणि कॅन्डिडेट यांनी आपसात ठरवायचं, फी कुठल्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. म्हणजे साडेतीन हजारांत तुम्ही घेतलेत तीन फोटो. मॅडमनी एकही वाक्य खोटं छापलेलं नाही. खोटं जे होतं ते सगळं फोनवर होतं, आणि फोन तुम्ही रेकॉर्ड केला नाहीत कारण तुम्ही सज्जन आहात.

आता रविवार. आई घरी आली, मावशी दहाला येणार होत्या. दहाला मॅडम सांगतात निघाल्यात. साडेअकराला, स्वारगेटला उतरल्यात पण बस मिळत नाहीये. दीडला, त्यांच्या पुतण्याचा ॲक्सिडेंट झाला. तुम्ही स्वतः मावशींशी बोलतो म्हणालात तर त्यांच्याकडे साधा फोन आहे आणि बॅलन्स संपलाय. व्हिडिओ कॉल तर मागूच नका. संध्याकाळी पहिली मावशी 'फॅमिली प्रॉब्लेममुळे कॅन्सल' होते, आणि वहीत मात्र तिच्यापुढे टिक लागते, प्रोफाईल क्रमांक एक, दाखवला.

दुसरी बाई खरी असते आणि तिथेच सगळं शिकायला मिळतं. मंगळवारी मॅडम एक नंबर देतात, बोलून घ्या म्हणतात. तुम्ही लावता, एक बाई उचलते, तुम्ही चौदा हजार म्हणता, ती हसते. म्हणते, "दादा, मी दोन वर्षं झाली एका आज्जींकडे आहे, बावीस मिळतात, आता कुठे काम बदलू? या ब्युरोत मी तेव्हा पाचशे भरून नाव नोंदवलं होतं, काम मला माझ्या नणंदेने बघून दिलं, यांनी नाही. अजून माझा नंबर फिरवतात, रोज कुणाचा तरी फोन." म्हणजे फी तुमच्याकडून पण आणि तिच्याकडून पण, आणि दोघांची गाठ घालून द्यायचं काम नणंदेकडे. वहीत टिक, प्रोफाईल क्रमांक दोन, क्लायंट आणि कॅन्डिडेटचं पगारावर जमलं नाही.

तिसरी मावशी येते. हो, खरंच दारात येते, पिशवी घेऊन. म्हणूनच तर पोलीस चौकीत तुमचं कुणी ऐकत नाही, कारण 'बाई पाठवली होती ना?' पंधरा मिनिटं बसते, चहा घेते, आईकडे बघते आणि म्हणते मला बोलले होते आज्जी चालत्या-फिरत्या आहेत, मी उचलायचं काम करत नाही. येण्याजाण्याचे दोनशे रुपये मागते, तुम्ही देता. खाली उतरल्यावर ती मॅडमना फोन लावते, क्लायंटने ठेवलं नाही म्हणून. तीन टिका झाल्या. करार पूर्ण. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही आता एक समाधानी ग्राहक आहात.

तरीही तुम्ही चिकाटीने फोन करत राहिलात तर मॅडम रजेवर जातात आणि सर येतात. सर नेहमी ड्रायव्हिंग करत असतात. सरांचं म्हणणं असतं की अजून पंधराशे भरून प्रीमियममध्ये अपग्रेड करा, मग अनलिमिटेड रिप्लेसमेंट. नाहीच म्हणालात तर रिफंड डिपार्टमेंट. तिथून क्यूआर कोड येतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे परत येतील. टाका ना. यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे बँका सारख्या एसएमएस करून सांगतात, पण बँकेचे एसएमएस कोण वाचतं.

गूगलवर रिव्ह्यू लिहायचा मोह होईल. लिहिण्याआधी आधीचे वाचा, बहुतेक पाच स्टार, तेही साधारण एकाच आठवड्यातले, आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी आयुष्यात तो एकच रिव्ह्यू लिहिलेला. तुमच्या एका स्टारखाली उत्तर येईल की 'आमच्याकडे या नावाचा क्लायंट नाही'. बाकी एक स्टारवाले सात महिन्यांपूर्वीचे असतात, त्याच्या आधीचे सापडत नाहीत, कारण तेव्हा एजन्सीचं नाव दुसऱ्या देवीचं होतं.

शेवटचा सल्ला तक्रारीबद्दल. करू नका. ऑफिसच नव्हतं, फोन बंद, नंबर ब्लॉक, क्यूआरवर अजून पैसे गेले, असा सरळ फसवणुकीचा प्रकार असेल तर 1930 हा सायबरचा नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितकी पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडकण्याची शक्यता जास्त, म्हणून तुम्ही चार दिवस सरांच्या फोनची वाट बघा. ऑफिस आहे, पावती आहे, पण सेवा दिली नाही असं असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाईन आणि त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांपर्यंत दाखल करता येते, आणि एजन्सी नालासोपाऱ्यात असली तरी 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पावतीवर नॉन-रिफंडेबल छापलंय म्हणून आयोग हात झटकत नाही. फोनवर 'मावशी ब्लॉक केली' असं सांगितलेलं आणि पावतीत 'प्रोफाईल शेअरिंग' लिहिलेलं, हा फरकच तिथे दाखवायचा असतो, पण त्याला लेखी काहीतरी लागतं. मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज, 'निघाल्यात'चा टाईम, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट, ज्यांच्या खात्यात गेले त्या अकाउंटंट साहेबांचं नाव.

अर्थात साडेतीन हजारांसाठी एवढं कोण करतं, सगळ्या धंद्याचा हिशोब याच वाक्यावर बसवलेला आहे, तो तुम्ही कशाला मोडता. तेव्हा चॅट उघडा, तीन टिंबांवर जा आणि क्लिअर करून टाका, उगाच फोनची मेमरी भरते.