बाटलीतले थेंब की व्हायल: प्रश्न रोज किती वेळा आणि कोणत्या डोळ्यात, याचा

“बाटलीतल्या ल्युब्रिकंट थेंबांत डिटर्जंटसारखं प्रिझर्व्हेटिव्ह असतं आणि ते डोळ्याचा वरचा थर हळूहळू जाळतं. थेंब घातल्यावर आग झाली की समजायचं, हे त्याचंच काम. म्हणून सगळ्यांनीच फक्त एकदा वापरायच्या व्हायल घ्याव्यात. त्यात काही नसतं, त्यामुळे दिवसातून कितीही वेळा घाला. उरलेलं टोपी लावून ठेवलं की दिवसभर पुरतं.”

कोरड्या डोळ्यांत घालायच्या वंगणाच्या थेंबांबद्दल असा सल्ला पोस्टमधून फिरतो. त्याच्या पहिल्या वाक्यातला डिटर्जंट खराच आहे. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे थेंबांमध्ये सर्वात जास्त वापरलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन. ते जंतूंच्या पेशीचं आवरण फोडतं, आणि आवरण जंतूचं की कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, पेशीचं हा भेद त्याला कळत नाही. अश्रूंवर तेलाचा जो पातळ थर असतो तोही ते विस्कटतं, म्हणजे अश्रू लवकर सुकतात. थेंबांत त्याचं प्रमाण साधारण 0.004 ते 0.02 टक्के असतं.

पण “हळूहळू जाळतं” म्हणताना दोन गोष्टी सुटतात. एक, हा परिणाम मात्रेवर ठरतो. दुसरी, तो डोळ्यावर ठरतो. डोळ्यात एका वेळी जेमतेम 7 मायक्रोलिटर अश्रू असतात आणि एक थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा. म्हणजे थेंबाचा बराचसा भाग लगेच बाहेर ओघळतो किंवा नाकाच्या वाटेने जातो. राहिलेलं प्रिझर्व्हेटिव्ह नवे अश्रू पातळ करत नेतात. अश्रू नीट तयार होणाऱ्या डोळ्यात ही धुलाई चटकन होते. ज्याचे अश्रूच आटलेत त्याच्या डोळ्यात तेच रसायन जास्त वेळ, जास्त तीव्र राहतं, आणि त्या डोळ्याचा वरचा थर आधीच ठिकठिकाणी उघडा पडलेला असतो. त्यामुळे एकच बाटली एकाला वर्षभर काही करत नाही आणि दुसऱ्याला महिन्याभरात हैराण करते. ढोबळ नियम असा वापरतात की प्रिझर्व्हेटिव्ह असलेले थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या थेंबांकडे वळावं. कोरड्या डोळ्यांवरच्या 2017 च्या आंतरराष्ट्रीय अहवालातही उपचारांच्या पहिल्या पायरीवर साधे ल्युब्रिकंट आहेत आणि बिनप्रिझर्व्हेटिव्हचे दुसऱ्या पायरीवर.

“बाटलीतले” हा शब्दही फार सैल वापरलाय. सगळ्या बाटल्यांत बेन्झाल्कोनियम नसतं. पॉलिक्वाटर्नियम-1 हा मोठ्या आकाराचा रेणू आहे आणि तो कॉर्नियाच्या पेशींना बराच कमी त्रास देतो. स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स डोळ्यात गेल्यावर मीठ, पाणी आणि ऑक्सिजन अशा साध्या घटकांत मोडतं. सोडियम परबोरेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि त्याचंही पुढे पाणी नि ऑक्सिजन होतं. यांना सौम्य किंवा विरून जाणारी प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात. शिवाय आता प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नसलेल्या बाटल्याही मिळतात. त्यांच्या तोंडाशी झडप किंवा बारीक गाळणी असते, थेंब बाहेर येतो पण बाहेरची हवा आणि जंतू सहज आत शिरत नाहीत. बाटली की व्हायल यावरून काहीच ठरत नाही. वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून काय लिहिलंय, ते वाचा. नेमका तोच मजकूर बहुतेक जण वाचत नाहीत, कारण तो फार बारीक अक्षरात असतो.

आग होण्याचं तर बेन्झाल्कोनियमशिवायही पुरेसं कारण असतं. कोरड्या पडलेल्या कॉर्नियावर कोणताही द्रव पडला तरी क्षणभर चुणचुणतं. व्हायलमधल्या थेंबांनीही चुणचुणतं. ही आग काही सेकंदांत जाते आणि मग बरं वाटतं. प्रिझर्व्हेटिव्हच्या त्रासाची चाल वेगळी असते: सुरुवातीला थेंब मानवतात, मग आठवड्यांनी आग वाढते, आराम कमी वेळ टिकतो, म्हणून माणूस आणखी थेंब घालतो आणि आणखी बिघडतं. तपासणीत फ्लुरोसीनचा रंग घातला की कॉर्नियावर, बरेचदा खालच्या आणि नाकाकडच्या भागात, बारीक ठिपके दिसतात. खात्री करायची सोपी रीत म्हणजे वंगण देणारा घटक तोच ठेवून, उदाहरणार्थ कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज 0.5 टक्के, फक्त प्रिझर्व्हेटिव्ह काढायचं आणि दोन ते चार आठवडे थांबायचं. कॉर्नियाचा वरचा थर साधारण आठवडा-दहा दिवसांत नवा होतो, म्हणून दोन दिवसांत निकाल मागण्यात अर्थ नाही. घटकही त्याच वेळी बदलला तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. (लाली घालवणारे थेंब हा वेगळाच प्रकार. ते रक्तवाहिन्या आकसवतात, वंगण देत नाहीत. त्यांची आग आणि नंतर दुप्पट होऊन परतणारी लाली प्रिझर्व्हेटिव्हच्या खात्यावर टाकू नका.)

आता मुख्य मुद्दा, व्हायल खरंच कोणाला लागतात. सगळ्यांत कमी बोललं जाणारं उत्तर आहे काचबिंदूचे रुग्ण. समजा, एका बाईंना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. रात्री लॅटानोप्रोस्टचा एक थेंब, सकाळ-संध्याकाळ टिमोलोल. दोन्ही बाटल्यांत बेन्झाल्कोनियम, लॅटानोप्रोस्टच्या मूळ बनावटीत तर 0.02 टक्के. डोळे खुपतात म्हणून त्या बाटलीतले ल्युब्रिकंट थेंब दिवसातून सहा वेळा घालतात, त्यातही तेच. प्रत्येक डोळ्याची दिवसाची बेरीज करा: एक अधिक दोन अधिक सहा, म्हणजे नऊ वेळा. त्यांना वाटतं काचबिंदूचं औषध बोचतंय, पण नऊपैकी सहा वेळा रसायन आलंय ते आराम देणाऱ्या थेंबांतून. ते सहा व्हायलने बदलले की बेरीज तीनवर येते, आणि काचबिंदूच्या औषधाला हातही लागत नाही. पुढची पायरी डॉक्टरांची: दोन औषधं एकाच बाटलीत एकत्र असलेला, दिवसातून एकदाच घालायचा थेंब चालत असेल तर एकवर, आणि काचबिंदूचं बिनप्रिझर्व्हेटिव्ह औषध मिळालं तर शून्यावर. ही बेरीज मला कोणत्याही “व्हायल चांगल्या” पोस्टमध्ये दिसत नाही, आणि खरं तर तीच करायला हवी. एक मात्र नक्की: डोळे बोचतात म्हणून काचबिंदूचे थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. बोचणं बरं होतं, काचबिंदूत डोळ्यातल्या दाबाने गेलेली दृष्टी परत येत नाही.

बाकी यादी लहान आहे. अश्रूच तयार होत नाहीत असे रुग्ण, उदाहरणार्थ शोग्रेन सिंड्रोमचे. कॉर्नियाची संवेदना गेलेले, कारण त्यांना नुकसान होत असलेलं जाणवतच नाही. कॉर्नियाची शस्त्रक्रिया किंवा लेसर नुकतंच झालेले. प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी सिद्ध झालेले. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावून थेंब घालणारे, कारण लेन्स बेन्झाल्कोनियम शोषून घेते आणि दिवसभर सोडत राहते. आणि ज्यांना रोज चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागतात ते.

उलट, दिवसभर स्क्रीनसमोर बसून दुपारी एकदा नि संध्याकाळी एकदा थेंब घालणाऱ्याला, ज्याच्या कॉर्नियावर एकही ठिपका नाही, व्हायलने काय मिळणार? सौम्य प्रिझर्व्हेटिव्हची बाटली असेल तर जवळपास काहीच नाही. बेन्झाल्कोनियमची असेल तर सौम्य प्रिझर्व्हेटिव्हची बाटली घेणं पुरे. हलक्या कोरडेपणात दोन्ही प्रकारांची थेट तुलना करणाऱ्या अभ्यासांत ठळक फरक दिसलेला नाही. ज्याच्या बोटांत संधिवात आहे त्याला तर व्हायलचं कठीण टोक तोडणं आणि ती दाबणं हीच अडचण होते, आणि तोडलेल्या टोकाची धार डोळ्याला लागू शकते.

उरलेल्या औषधाबद्दल मात्र त्या सल्ल्यात सरळ धोका आहे. 0.4 मिलिलिटरच्या व्हायलमध्ये साधारण दहा थेंब असतात. दोन डोळ्यांत दोन गेले की आठ उरतात आणि फेकायला जीव होत नाही. पण टोक तुटल्याक्षणी ती व्हायल म्हणजे जंतूंना रोखणारं काहीही नसलेली उघडी बाटली. बोट किंवा पापणी टोकाला लागली की आत गेलेला जंतू वाढायला मोकळा. 2023 मध्ये अमेरिकेत असंच काहीसं मोठ्या प्रमाणावर घडलं. बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या कृत्रिम अश्रूंच्या, अनेकदा वापरायच्या बाटल्यांशी औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जंतूच्या साथीचा संबंध सापडला. 18 राज्यांत 81 रुग्ण, 14 जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघांचा मृत्यू झाला. कारखान्यातल्या निर्जंतुकतेतही दोष होते, त्यामुळे ही घटना व्हायलविरुद्धचा पुरावा नाही. प्रिझर्व्हेटिव्ह बाटलीत कशासाठी असतं, ते मात्र ती दाखवते.

काही व्हायलना परत बसणारी टोपी असते आणि वेष्टनावर 12 किंवा 24 तासांची मुदत छापलेली असते. तसं छापलेलं असेल तरच, तेवढाच वेळ ठेवा. बाकी व्हायल एकदा उघडली, दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, की टाकून द्या. एका डोळ्याला संसर्ग असेल तर दुसऱ्यासाठी वेगळी व्हायल. बाटली उघडल्यावर ती कधी टाकायची याची मुदत वेष्टनावर असते, बऱ्याच बाटल्यांची चार आठवडे. उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहा.

राहता राहिलं “कितीही वेळा”. बिनप्रिझर्व्हेटिव्हचे थेंब तासातासाला घातले तरी विषारी होत नाहीत, हे बरोबर. पण तासातासाला घालावेच लागत असतील तर वंगण कमी पडतंय, की पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्यामुळे अश्रू उडून जातायत, की पृष्ठभागावर दाह आहे, हे बघायला हवं. तुंबलेल्या ग्रंथींना शेक, पापण्यांची सफाई आणि ग्रंथी दाबून मोकळ्या करणं लागतं. दाहाला दाह कमी करणारं औषध लागतं. आणि प्रकाश सहन होत नाही, दृष्टी धूसर झाली, किंवा एकाच डोळ्यात तीव्र वेदना आहे, तर कोणतेही थेंब बदलत बसण्याआधी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.