शी काळी होणं म्हणजे गोळी ‘उष्ण’ पडणं नव्हे

“शाळेत दर सोमवारी मिळणारी लोहाची निळी गोळी घेतल्यापासून मुलीला काळी शी होते, मळमळतं. उष्ण पडली म्हणून बंद करू का?”

बंद करू नका, ताई. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. न शोषलेलं लोह शीतून बाहेर पडतं, म्हणून रंग काळा. मात्र शी डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

मळमळ बहुधा रिकाम्या पोटाची. पुण्यात सकाळच्या शाळेला कितीतरी मुली नुसता चहा पिऊन निघतात, आणि चहामुळे तर लोह खूपच कमी शोषलं जातं. सोमवारची गोळी मधल्या सुट्टीत, डबा खाल्ल्यावर, न चावता पाण्याबरोबर घ्यावी. डब्यात लिंबाची फोड द्या. चहा तासाभराने.

हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल, तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. रोजचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.