मोठ्या पडद्यावर झिरो एडी: रिझोल्यूशन उतरवायचं की इंटरफेस वाढवायचा?

वाद पेटला तो मंदारच्या नव्या मॉनिटरवरून. 27 इंची, 3840 बाय 2160. त्यावर त्याने झिरो एडी हा रणनीतीचा गेम लावला आणि वरच्या पट्टीतलं लाकूड किती, धान्य किती, तेच त्याला वाचता येईना. चहा यायच्या आधीच निखिलने निकाल दिला, "गेममध्ये 1920 बाय 1080 कर आणि मोकळा हो. बरोबर निम्मं आहे, गणित जुळतंय."

श्वेताला हे मुळीच पटलं नाही. "अक्षर बारीक का दिसतंय ते तर बघ. जुन्या 24 इंची मॉनिटरवर एका इंचात साधारण 92 पिक्सेल होते, आता 163 आहेत. 14 पिक्सेल उंचीची ओळ तिथे जवळपास 4 मिलिमीटर होती, इथे 2 च्या जरा वर. खटकतंय ते अक्षर आणि बटणं. मग अख्खं चित्र का खाली आणतोस?"

निखिलचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. निम्मं रिझोल्यूशन म्हणजे चौपट कमी पिक्सेल, आणि मंदारचं ग्राफिक्स कार्ड जुनंच आहे. पण "निम्मं म्हणजे स्वच्छ" हे गृहीतक चुकीचं आहे, आणि तिथे मीही श्वेताच्या बाजूने बोललो. एका पिक्सेलचे नेमके चार करून दाखवायचे, हे बहुतेक मॉनिटर आणि ड्रायव्हर आपणहून करत नाहीत. ते शेजारच्या पिक्सेलशी रंग मिसळून ताणतात, म्हणून कडा पसरतात. ड्रायव्हरमध्ये पूर्णांकी स्केलिंग असेल आणि ते चालू केलं असेल, तरच निखिलचं गणित पडद्यावर उतरतं.

"धूसरपणा कुठून येतोय ते ओळखायचं कसं?" मंदारने विचारलं. ते सोपं आहे. गेममध्ये F2 दाबून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि बाहेर येऊन तो पूर्ण आकारात, झूम न करता उघडायचा. स्क्रीनशॉटमध्ये अक्षर स्वच्छ आणि खेळताना धूसर असेल, तर ताणणारा गेमच्या बाहेर आहे: मॉनिटर, ड्रायव्हर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम. स्क्रीनशॉटमध्येच धूसर असेल, तर ते गेमचं काम. फाइलची लांबीरुंदीही बघायची. आपण 3840 समजून बसलोय आणि फाइल त्याहून लहान निघाली, तर गेमला पूर्ण पडदा मिळतच नाहीये.

मग श्वेताने मंदारचा लॅपटॉप ओढून गेमच्या सेटिंगची फाइल `user.cfg` उघडली. लिनक्सवर ती `~/.config/0ad/config/` मध्ये असते, विंडोजवर `%appdata%\0ad\config\` मध्ये. `default.cfg` ला हात लावायचा नाही, आणि गेम बंद असताना लिहायचं, कारण पर्याय सेव्ह करताना गेम स्वतःच `user.cfg` पुन्हा लिहितो. तिने इंटरफेस दुप्पट करणारी एकच ओळ टाकली:

```
gui.scale = "2"
```

"पण 163 भागिले 92 म्हणजे 1.77," निखिल म्हणाला. "मग 1.75 टाक, 2 कशाला?"

हा प्रश्न खरा होता, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचा गाभाही हाच. झिरो एडीच्या 27 व्या आवृत्तीपर्यंत अक्षरं खेळताना घडवली जात नाहीत. ठरावीक आकारांत आधीच काढून ठेवलेली चित्रं असतात आणि स्केल बदललं की तीच ताणली जातात. 2 ला प्रत्येक बिंदू दोन्ही दिशांना सारखाच वाढतो, कडा थोड्या मऊ होतात पण अक्षराची जाडी सगळीकडे एकसारखी राहते. 1.75 ला एक रेघ एका पिक्सेलवर बसते आणि शेजारची दोन पिक्सेलांच्या मधोमध लोंबकळते. आकडे वाचताना ते लगेच खुपतं. म्हणून मोजमाप 1.75 सांगत असलं तरी मी 2 च घेईन.

वर जायलाही मर्यादा आहे. हा इंटरफेस किमान 1024 बाय 768 धरून मांडलेला आहे. स्केल 2 ला गेमच्या लेखी पडदा 1920 बाय 1080 होतो, म्हणजे जागा भरपूर. 3 केलं तर 1280 बाय 720 उरतो, उंची 768 च्या खाली जाते आणि पॅनेल एकमेकांवर चढायला लागतात. 2160 भागिले 768, साधारण 2.8, हे या मॉनिटरचं टोक.

"मग 4के घेऊन नकाशा जास्त दिसेल, त्याचं काय?" मंदार म्हणाला. तसं होत नाही. जुन्या द्विमितीय गेममध्ये रिझोल्यूशन वाढलं की मैदानाचा मोठा तुकडा दिसायचा. इथे त्रिमितीय कॅमेरा आहे. किती दिसणार ते झूम ठरवतो. तेवढाच भाग जास्त बारकाईने दिसतो, इतकंच.

निखिल कार्डाचं टुमणं सोडेना, आणि ते योग्यच होतं. त्याचं उत्तर ग्राफिक्सच्या पर्यायांतल्या `Resolution scale` मध्ये आहे. पोस्ट-प्रोसेसिंग चालू ठेवून ते खाली आणलं की मैदान कमी पिक्सेलांत काढलं जातं, आणि बटणं, आकडे, मिनिमॅप मात्र पूर्ण रिझोल्यूशनवर राहतात. कार्डाचा भार उतरतो आणि वाचायची गोष्ट शाबूत राहते. यावर निखिल पहिल्यांदा गप्प बसला.

तोवर ऐकत असलेला तन्मय म्हणाला, "मिनिमॅप मोठा झाला तरी मला शत्रू दिसत नाही." त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. Alt+X ने चालू होणाऱ्या मित्र-शत्रू रंगांत शत्रूचा मूळ रंग `150 20 20` आहे, म्हणजे गडद लाल. गडद हिरव्या जंगलावर तो त्याच्यासाठी बुडून जातो, आणि खरं तर उजळपणाही जवळपास सारखा असल्यामुळे आम्हालाही पटकन सापडत नाही. श्वेताने हे लिहिलं:

```
gui.session.diplomacycolors.self = "255 255 255"
gui.session.diplomacycolors.ally = "240 228 66"
gui.session.diplomacycolors.neutral = "130 130 130"
gui.session.diplomacycolors.enemy = "255 0 255"
```

शत्रू भडक किरमिजी, कारण त्यात निळा भरपूर आहे आणि लाल-हिरवा गोंधळ असणाऱ्यालाही निळा वेगळा कळतो. स्वतःला मूळचा निळा ठेवला असता तर तो शत्रूच्या जवळ गेला असता, म्हणून पांढरा. तटस्थांचा मूळ रंग पिवळसर असतो. पिवळा मित्राला दिल्यामुळे तटस्थ राखाडी करावे लागले. वाळवंटी नकाशावर पिवळा जरा फिका पडतो, पण मित्र उशिरा दिसला तर चालतं, शत्रू उशिरा दिसून चालत नाही. पडताळायला स्क्रीनशॉट फोनवर घेऊन कृष्णधवल करून पाहिला: गडद जंगलावर किरमिजी ठिपका उजळ राखाडी दिसला, जुना लाल जवळजवळ दिसलाच नाही.

"पण तिघं शत्रू असले तर तिघंही एकाच रंगाचे होणार," निखिल म्हणाला. "कोणाचं घोडदळ आलंय ते कळायचं कसं?" आणि हे रंग मिनिमॅपपुरते नाहीत, सैनिकांच्या अंगावरचे रंगही बदलतात. श्वेताचं म्हणणं, गडबडीच्या वेळी मित्र की शत्रू एवढं पुरतं, ओळख पटवायला क्षणभर Alt+X दाबून मूळ रंगांवर जायचं. निखिलचं म्हणणं, हल्ला होत असताना कोण कळ दाबत बसणार. तन्मय श्वेताच्या बाजूने, मंदार निखिलच्या. मी तन्मयच्या बाजूने आहे: ठिपका दिसलाच नाही तर तो कोणाचा हा प्रश्नच येत नाही.